तेल गुरुवारपर्यंत पुरेल का?

सोमवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पोराने बिलिंगच्या पडद्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, असं धरू. उपनगरातलं साधं किराणा दुकान. पडद्यावर तीनच रकाने आहेत: मालाचं नाव, शिल्लक नग आणि मागच्या ३० दिवसांची विक्री. होलसेलरचा सेल्समन दर मंगळवारी सकाळी ऑर्डर घेऊन जातो आणि माल गुरुवारी दुपारी टेम्पोने येतो. एवढ्यावरून या आठवड्यात काय संपणार आणि उद्या किती सांगायचं, हे बऱ्यापैकी नेमकं काढता येतं. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण हिशोब खराखुरा आहे.

पहिली ओळ तेलाची. एक लिटरच्या पिशव्या, शिल्लक ३४, महिन्याची विक्री २४०. म्हणजे दिवसाला ८. चौतीसला आठने भागलं की सव्वाचार दिवस येतात. गुरुवार दुपारपर्यंत साडेतीनच दिवस काढायचे आहेत, तेव्हा तेल पुरेल असं वाटतं. पण आठ ही सरासरी आहे. गिऱ्हाईक काही मोजून येत नाही; एखाद्या दिवशी पाच पिशव्या जातात, एखाद्या दिवशी बारा.

या चढउताराला माप लावायची सोय सिमेओं पॉइसाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७मध्ये मांडलेल्या सूत्रात आहे. गिऱ्हाइकं आपापली, एकमेकांशी संबंध नसताना येत असतील, तर विक्रीचा चढउतार साधारण सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो. साडेतीन दिवसांची सरासरी विक्री २८, तिचं वर्गमूळ पाचाच्या थोडं वर. आपल्याकडे २८पेक्षा सहाच पिशव्या जास्त आहेत. म्हणजे तेल बहुधा पुरेल, पण अशा दहा आठवड्यांतल्या एखाद्या आठवड्यात टेम्पो येण्याआधीच संपेल. आणि हा अंदाजसुद्धा उदार आहे. वडापावच्या गाडीवाला एकदम दहा पिशव्या उचलत असेल, तर चढउतार वर्गमुळापेक्षा बराच मोठा होतो. असं ठोक गिऱ्हाईक असलेल्या मालाला जास्तीचा साठा सढळ हातानेच धरावा.

आता उद्याची ऑर्डर. इथे बहुतेक जण फसतात. आठवड्याला ५६ पिशव्या जातात, मंगळवारी सकाळी हातात २६ उरतील, म्हणून ३० कमी पडतात. बारा-बाराचे तीन बॉक्स मागवले की झालं, असा सरळ हिशोब केला जातो. पण उद्या सांगितलेला माल पुढच्या मंगळवारपर्यंत पुरून भागत नाही. पुढच्या मंगळवारी दिलेली ऑर्डर त्यानंतरच्या गुरुवारी येणार. म्हणजे उद्याची शिल्लक आणि उद्याची ऑर्डर मिळून सात नव्हे, साडेनऊ दिवस ओढायचे आहेत. तीन बॉक्स मागवले तर एकूण ६२ पिशव्या होतात आणि नुसत्या सरासरी विक्रीनेही त्या पुढच्या मंगळवारी संपतात. बुधवार आणि गुरुवारची सकाळ फळी रिकामी.

साडेनऊ दिवसांचे ७६ झाले. तेवढेच ठेवले तर जवळजवळ निम्म्या वेळा माल कमी पडेल, कारण विक्री जितक्या वेळा सरासरीच्या खाली जाते, साधारण तितक्याच वेळा वरही जाते. वीस वेळांतून एकोणीस वेळा पुरावा अशी इच्छा असेल, तर चढउताराच्या १.६५ पट जास्तीचा साठा धरतात. ७६चं वर्गमूळ पावणेनऊ, त्याच्या १.६५ पट १४. एकूण ९० हवेत, हातात २६, म्हणून मागवायच्या ६४ पिशव्या, म्हणजे पूर्ण बॉक्स धरले तर सहा. आधी सांगितलेला पण अजून न आलेला माल असेल तर तोही यातून वजा करायचा. तो शिल्लक रकान्यात दिसत नाही.

ऑर्डर किती मोठी असावी याचं एक प्रसिद्ध सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३मध्ये दिलं. दर ऑर्डरमागचा खर्च आणि माल साठवण्याचा खर्च यांचा मेळ ते घालतं. कारखान्याला ते उपयोगी आहे. पण ज्या दुकानात सेल्समन ठरल्या वारी आपण होऊन येतो, तिथे ऑर्डर देण्याचा वेगळा खर्चच नाही, तेव्हा इथे त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

दुसरी ओळ पोह्यांची, आणि ती जास्त फसवी आहे. शिल्लक ६ पाकिटं, महिन्याची विक्री ४५. दिवसाला दीड, म्हणजे चार दिवस पुरतील. पण पोह्यांचं खातं उघडून तारीखवार विक्री बघितली, तर मधले सलग पंधरा दिवस शून्य दिसतात. पोहे खपत नव्हते असं नाही, ते दुकानातच नव्हते. ४५ पाकिटं पंधराच दिवसांत गेली, तेव्हा खरा वेग दिवसाला तीन. सहा पाकिटं गुरुवारपर्यंत टिकत नाहीत, मंगळवारी रात्रीच संपतात. पडद्यावरचा दीडचा वेग धरून ऑर्डर काढली तर १६ पाकिटं येतात. तीनच्या वेगाने हवीत ३४. सोळाच मागवली तर गुरुवारी आलेला माल पुढच्या मंगळवारी संपेल, विक्रीचा आकडा पुन्हा कमी दिसेल आणि पुढची ऑर्डरही कमीच जाईल. जो माल सतत संपतो तोच कागदावर मंद खपाचा दिसतो. म्हणून भागाकार करताना ३० दिवस नव्हे, माल फळीवर होता तेवढेच दिवस घ्यावेत.

उलटा घोटाळाही होतो. पडद्यावर साबणाच्या ११ वड्या शिल्लक, रोज सरासरी एक खपते, आणि गेले पाच दिवस विक्री शून्य. पॉइसाँच्या हिशोबाने असं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता शंभरात एकही नाही. त्या ११ वड्या बहुधा नाहीतच, किंवा मागे कुठेतरी दबल्या आहेत. पोराला फळीवर पाठवून मोजायला सांगावं. मात्र दोन दिवसांत एक खपणाऱ्या वस्तूचे पाच दिवस शून्य गेले तर घाबरू नये, ते अधूनमधून होतंच. शिल्लक उणे दिसत असेल, तर बहुतेकदा खरेदीचं बिल चढवायचं राहिलेलं असतं, नाहीतर साखर पोत्याने आली आणि किलोच्या पुड्यांनी विकली गेली.

राहिला साबुदाणा. शिल्लक १८, दिवसाला २, म्हणजे नऊ दिवस निवांत. बुधवारी आषाढी एकादशी असेल तर मात्र हा सगळा हिशोब बाद. तीस दिवसांच्या सरासरीला उपवास कळत नाही, आणि मंगळवारी सांगितलेला माल गुरुवारी, म्हणजे एकादशी उलटल्यावर येतो. त्यासाठी मागच्या वर्षीची विक्री काढावी, पण त्याच इंग्रजी तारखेची नव्हे. तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस आधी येते, मध्ये अधिक महिना पडला तर उलट अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. पंचांगात मागच्या वर्षीची एकादशी शोधून तिच्या आदल्या चार-पाच दिवसांची विक्री बघा, आणि ऑर्डर एक मंगळवार आधी द्या.