बर्फ सगळा वितळेल का?

कोमट पाण्यात बर्फ टाकला तर मिश्रणाचे अंतिम तापमान किती होईल, हे उष्णतेच्या प्रकरणातले हमखास विचारले जाणारे गणित आहे. त्याला उष्णता विनिमयाचे तत्त्व पुरते: बाहेरून उष्णता आत येत नसेल आणि आतली बाहेर जात नसेल, तर गरम पदार्थाने दिलेली उष्णता थंड पदार्थाने घेतलेल्या उष्णतेइतकी असते. तत्त्व इतके सोपे असूनही उत्तर चुकते, कारण बर्फ सगळा वितळला असे न तपासताच गृहीत धरले जाते.

बर्फ तापवण्यापेक्षा वितळवणे फार महाग पडते. एक ग्रॅम बर्फाचे तापमान एक अंशाने वाढवायला अर्धी कॅलरी लागते आणि पाण्याचे वाढवायला एक. मात्र 0 अंश सेल्सिअसचा एक ग्रॅम बर्फ 0 अंशाच्याच पाण्यात बदलायला सुमारे 80 कॅलरी लागतात. तेवढ्या वेळात तापमापीचा पारा जागचा हलत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. जोसेफ ब्लॅक यांनी ग्लासगोत 1761च्या सुमारास ती ओळखली. त्यापूर्वी वितळणबिंदूला पोचलेला बर्फ थोड्याशा उष्णतेने लगेच पाणी होतो, असे मानले जाई. तसे असते तर डोंगरावरचा बर्फ थोड्याशा उन्हाने एकदम वितळून महापूर आले असते, हा ब्लॅक यांचा युक्तिवाद आजही पटतो.

आता प्रत्यक्ष गणित घेऊ. उणे 10 अंशाचा 100 ग्रॅम बर्फ 40 अंशाच्या 200 ग्रॅम पाण्यात टाकला आहे. भांड्याची उष्णता तूर्त सोडून देऊ. बर्फ सगळा वितळला असे धरून बरेच जण सरळ लिहितात:

200 × (40 − T) = 500 + 8000 + 100 × T

यातले 500 म्हणजे बर्फ 0 अंशापर्यंत आणायला लागणाऱ्या कॅलरी (100 × 0.5 × 10), तर 8000 म्हणजे तो वितळवायला लागणाऱ्या. समीकरण सोडवले की T येतो सुमारे उणे 1.67 अंश. सगळा बर्फ वितळून पाणी झाले असे धरायचे आणि त्या पाण्याचे तापमान शून्याखाली काढायचे, हे जुळत नाही. आकडेमोड बरोबर आहे, गृहीतक चुकले आहे. असे उणे उत्तर आले की ते खोडून नुसता शून्य लिहून भागत नाही, कारण किती बर्फ उरला हे अजून कळलेलेच नसते.

म्हणून आधी दोन आकडे शेजारी ठेवावेत. पाणी 0 अंशापर्यंत थंड होताना जास्तीत जास्त 200 × 40 म्हणजे 8000 कॅलरी देऊ शकते. बर्फाची पूर्ण मागणी 8500 आहे. 500 कॅलरी कमी पडतात, तेव्हा सगळा बर्फ वितळणार नाही हे इथेच ठरले. मिळालेल्या 8000 पैकी 500 बर्फ 0 अंशाला आणण्यात गेल्या आणि 7500 उरल्या. त्यांना 80 ने भागले की 93.75 ग्रॅम बर्फ वितळतो. 6.25 ग्रॅम तसाच तरंगत राहतो आणि मिश्रण 0 अंशावर थांबते.

पाणी 50 अंशाचे असते तर देणे 10,000 कॅलरींचे झाले असते. मागणी भागवून उरलेल्या 1500 कॅलरींनी 300 ग्रॅम पाण्याचे तापमान 5 अंशांवर गेले असते. दोहोंमधली सीमा 42.5 अंशांची आहे. या बर्फासाठी 0 पासून 42.5 अंशांपर्यंत कोणत्याही तापमानाचे 200 ग्रॅम पाणी घेतले, तरी शेवट 0 अंशावरच होतो. बदलते ते फक्त उरलेल्या बर्फाचे वजन. पाणी 0 अंशाच्या अगदी जवळ असेल, तर उलट थोडे पाणीच गोठते.

सीमेजवळच्या गणितात भांडे सोडून देता येत नाही. वरचेच पाणी 100 ग्रॅम वजनाच्या तांब्याच्या कॅलरीमापीत असेल, तर 40 अंशांवरून 0 पर्यंत येताना ते भांडे सुमारे 380 कॅलरी देते. मग फक्त दीड ग्रॅम बर्फ उरतो. प्रयोगशाळेत दुसरी चूक ओल्या बर्फाने होते. 0 अंशाला आलेल्या बर्फाच्या तुकड्यांवर 5 ग्रॅम पाणी चिकटलेले असेल, तर ते आधीच वितळलेले असल्याने 400 कॅलरींची मागणी मुळात नसतेच, पण हिशेबात ती धरली जाते. म्हणूनच बर्फ टिपकागदाने कोरडा करून लगेच टाकावा.