टू ऑफ कप्स: नव्या ओळखीला ‘हो’ म्हणणारं कार्ड?

नुकतीच कुणाशी ओळख झालेली असते, बोलणं जुळत असतं, आणि मनात प्रश्न घोळत असतो: ही व्यक्ती आयुष्यभराची जोडीदार होईल का? टॅरो रिडिंगला आलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला आणि समोर टू ऑफ कप्स उलगडलं, की उत्तर मिळाल्यासारखंच वाटतं. चित्रात एक तरुण आणि एक तरुणी समोरासमोर उभे असतात, दोघांच्या हातांत चषक असतात. याहून स्पष्ट संकेत तो कोणता? पण या कार्डाभोवती बरेच गैरसमज साचले आहेत आणि त्यातले बहुतेक चित्र नीट न पाहिल्यामुळे झाले आहेत.

गैरसमज: टू ऑफ कप्स म्हणजे लग्न किंवा पक्कं नातं.

वस्तुस्थिती: सर्वाधिक वापरात असलेला रायडर-वेट-स्मिथ डेक १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. या डेकमधलं टू ऑफ कप्स बारकाईने पाहा. तरुणाने एक पाऊल पुढे टाकलंय आणि एक हात तरुणीच्या दिशेने केलाय. तिच्या डोक्यावर पानांचा मुकुट आहे, त्याच्या डोक्यावर फुलांचा. घर आहे, पण ते दूर, मागच्या टेकडीवर. अंगठी नाही, पुरोहित नाही, साक्षीदार नाहीत. चषक उचललेले आहेत, पण अजून कुणी ओठाला लावलेले नाहीत.

दोघांच्या मधून वर उठतो तो कॅड्युसियस, म्हणजे दोन सापांचे वेढे असलेला हर्मिसचा दंड. त्यावर पंख असलेलं सिंहाचं मस्तक. या दंडाला बरेच जण वैद्यकाचं चिन्ह समजतात, पण वैद्यकाचा देव असलेल्या अ‍ॅस्क्लेपियसच्या काठीवर एकच साप असतो. हर्मिस हा ग्रीक देवांचा दूत, व्यापाराचा आणि बोलणी करणाऱ्यांचा देव. भांडणाऱ्या दोन सापांच्या मध्ये त्याने काठी ठेवली आणि ते शांत होऊन तिला वेढून बसले, अशी कथा सांगतात. थोडक्यात, चित्राच्या मध्यभागी प्रेमदेवता नाही, देवाणघेवाण आणि समेट यांची खूण आहे. सिंहाच्या मस्तकाला बरेच वाचक आकर्षणाची धग मानतात, म्हणजे ओढ आहेच. पण ती त्या दंडाच्या वर आहे, समेटाच्या आधाराने उभी.

वेट यांनी ‘द पिक्टोरियल की टू द टॅरो’ या पुस्तकात या कार्डाचे अर्थ दिले, त्यांत प्रेमाबरोबर मैत्री, एकमत, आपुलकी हेही आहेत. पूरक यादीत तर ते धंद्यालाही अनुकूल म्हटलं आहे. म्हणून दोन भागीदार, दोन मैत्रिणी, भांडून पुन्हा बोलू लागलेली भावंडं, यांच्याही रिडिंगमध्ये हे कार्ड चपखल बसतं. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हे कार्ड दोन्हीकडून पसंती कळवल्याच्या टप्प्याचं आहे, याद्या होण्याच्या नाही.

बांधिलकीकडे बोट दाखवणारी कार्डं डेकमध्ये वेगळी आहेत. विवाह आणि सहबंध हे अर्थ वेट यांनी हायरोफंटला दिले. फोर ऑफ वँड्समध्ये फुलांच्या माळा लावलेले चार खांब आणि मागे गढी दिसते, तिथे घराकडे येण्याची भावना आहे. टेन ऑफ कप्समध्ये इंद्रधनुष्याखाली जोडपं आणि नाचणारी मुलं आहेत. टू ऑफ कप्ससोबत यांपैकी एखादं आलं तर वाचणारे दीर्घ नात्याचा विषय काढतात. एकट्या टू ऑफ कप्समध्ये काळ नाही, फक्त आत्ताचा क्षण आहे.

गैरसमज: ही शेकडो वर्षांपूर्वीची प्रेमाची खूण आहे.

वस्तुस्थिती: टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पत्त्यांचा खेळ म्हणून सुरू झाला. भविष्यासाठी त्याचा प्रसार अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये झाला. जुन्या मार्सेय डेकच्या दोन चषकांच्या पानावर माणसंच नाहीत. दोन चषक आणि मधून उगवलेलं नक्षीदार फुलझाड, एवढंच. आज रिडिंगमध्ये आपण ज्या जोडप्याकडे पाहतो, ते स्मिथ यांच्या कुंचल्यातून १९०९ साली उतरलं.

प्रेमाशी जोड मात्र त्याआधीची आहे. वेट ज्या गोल्डन डॉन या इंग्लिश गूढवादी मंडळात होते, तिथे या पानाला प्रेमाचा स्वामी म्हणत आणि कर्क राशीच्या पहिल्या दहा अंशांतला शुक्र त्याला जोडत. पुढे अलेस्टर क्रॉली यांच्या थॉथ डेकमध्ये या पानाचं नावच प्रेम ठेवलं गेलं. परंपरा आहे, पण चित्रातलं जोडपं तिच्यापेक्षा नवं आहे.

गैरसमज: कार्ड उलटं आलं म्हणजे नातं जुळणार नाही.

वस्तुस्थिती: उलट्या कार्डांचे अर्थ वाचणाऱ्यागणिक बदलतात, आणि बरेच जण उलटी कार्डं वाचतच नाहीत. या कार्डाच्या मुख्य नोंदीत वेट यांनी उलटा अर्थ दिलेलाच नाही. पूरक यादीत उलट्या स्थितीपुढे जो एक शब्द आहे, तो उत्कट ओढीचा आहे, तुटण्याचा नाही. ‘असंतुलन’, ‘एकतर्फी’ हे आजचे लोकप्रिय अर्थ नंतरच्या लेखकांचे. तेही उपयोगाचे असू शकतात, पण त्यांच्यावरून निकाल द्यायचा नाही, एक प्रश्न विचारायचा: फोन नेहमी मीच करते का? भेट ठरवणं दोघांकडून होतं का?

गैरसमज: हे कार्ड पुन्हा पुन्हा येतंय, म्हणजे युनिव्हर्स सांगतंय.

वस्तुस्थिती: डेकमध्ये ७८ कार्डं असतात. तीन कार्डं काढली तर त्यांत टू ऑफ कप्स असण्याची शक्यता सव्वीसात एक. आता एखादी व्यक्ती त्याच माणसाबद्दल रोज रात्री तीन कार्डं काढत असेल, तर महिनाभरात हे कार्ड निदान एकदा दिसण्याची शक्यता जवळपास ६९ टक्के होते. ते न आलेल्या रात्री विसरल्या जातात, आलेली रात्र लक्षात राहते. आणि एकाच प्रश्नावर पुन्हा पुन्हा पत्ते मांडणं अनुभवी वाचणारे टाळतात ते याचसाठी. मनासारखं कार्ड येईपर्यंत पिसत राहिलं की उत्तर कार्डाचं उरत नाही, आपल्या हट्टाचं होतं.

गैरसमज: कार्ड कुठेही आलं तरी त्याचा अर्थ एकच.

वस्तुस्थिती: स्प्रेडमधली जागा अर्थ ठरवते. वेट यांनीच लोकप्रिय केलेल्या दहा कार्डांच्या केल्टिक क्रॉसमध्ये नववी जागा आशा आणि भीतीची असते. तिथे टू ऑफ कप्स आलं, तर ते नात्याबद्दल काही सांगत नाही, विचारणाऱ्याला काय हवंय ते दाखवतं. दहावी जागा परिणामाची मानतात. तेच कार्ड, पण दोन जागांवर दोन वेगळी विधानं.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातली तिशीची एक मुलगी. ट्रेकवर ओळख झालेल्या मुलाशी दोन महिन्यांपासून बोलते आहे. प्रश्न: हा माझा जोडीदार होईल का? तीन कार्डं, तीन जागा: तिची बाजू, त्याची बाजू, दोघांमधलं नातं.

तिच्या बाजूला येतं सेव्हन ऑफ कप्स: ढगांत तरंगणारे सात चषक, एकात दागिने, एकात किल्ला, एकात साप, आणि समोर थबकलेली सावलीसारखी आकृती. तिच्या मनात कल्पनांची गर्दी आहे. त्याच्या बाजूला टू ऑफ स्वोर्ड्स: डोळ्यांना पट्टी बांधलेली स्त्री, छातीवर दोन तलवारी आडव्या धरलेल्या. निर्णय टाळलेला आहे. मध्ये टू ऑफ कप्स.

घाईचं वाचन म्हणेल: प्रेम आहे, तो लाजतोय, थांब. नीट वाचन तिन्ही एकत्र ठेवून म्हणेल: दोघांमधलं बोलणं सध्या बरोबरीचं आणि मोकळं आहे. पण तिने नात्याचं पुढचं चित्र बरंच रंगवलंय, आणि त्याने अजून काही ठरवलेलं नाही किंवा ठरवायचं टाळलंय. त्यामुळे ‘होईल का’ याचं उत्तर या मांडणीत नाही. पुढचं पाऊल मात्र आहे: विचारणं. पुढच्या भेटीत तो लग्नाबद्दल, राहण्याच्या शहराबद्दल, घरच्यांबद्दल काय विचार करतो, हे थेट विचारावं. त्याने विषय टाळला, तर टू ऑफ स्वोर्ड्सपेक्षा ते टाळणंच जास्त सांगून जाईल.

गैरसमज: कार्डाने त्याच्या मनातलं सांगितलं.

वस्तुस्थिती: वरच्या उदाहरणातही ‘त्याची बाजू’ म्हणजे त्याच्याबद्दल तिचा आणि वाचणाऱ्याचा अंदाज आहे. तो माणूस खोलीत नाही, आणि कार्डांना अनुपस्थित माणसाचं मन कळतं याला पुरावा नाही. तरी वाचन अचूक का वाटतं? मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना, प्रत्येकासाठी खास तयार केल्याचं सांगून, व्यक्तिमत्त्वाचं वर्णन दिलं. वर्णन सगळ्यांना एकच होतं. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘तुमच्यात खोल बंध आहे, पण एकजण भावना दाखवायला कचरतोय’ हे वाक्य कुठल्याही नव्या ओळखीला लागू पडतं.

आता जोडीदाराच्या मूळ प्रश्नाकडे. बांधिलकी कशाने टिकते यावर मानसशास्त्रज्ञ कॅरिल रस्बल्ट यांनी १९८० साली मांडलेलं प्रारूप आजही वापरलं जातं. त्यात तीन गोष्टी येतात: नात्यातलं समाधान, बाहेर उपलब्ध असलेले पर्याय, आणि नात्यात आजवर घातलेला वेळ, कष्ट, जोडलेली माणसं. दोन महिन्यांच्या ओळखीत समाधान भरपूर असू शकतं, पण तिसरी गोष्ट जवळजवळ नसतेच, कारण ती काळच देतो. टू ऑफ कप्स दाखवतं ते यातलं फार तर पहिलं.

म्हणून हे कार्ड आलं, तर आधी प्रश्न बदलावा. ‘हा जोडीदार होईल का’ ऐवजी ‘आमच्यात देणं-घेणं बरोबरीचं आहे का, आणि मी अजून काय विचारलेलं नाही’ असं विचारावं. या प्रश्नावर कार्ड विचाराला चालना देऊ शकतं. आधीच्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याला फोन करावा लागतो.