आलेखाचा स्वसमरूपता-गट

आलेखाचा स्वसमरूपता-गट : काही बिंदू आणि त्यांच्यापैकी ठराविक जोड्यांना जोडणाऱ्या रेषा यांनी बनलेल्या रचनेस आलेख सिद्धांतात आलेख म्हणतात. या बिंदूंना शिरोबिंदू व रेषांना कडा अशी नावे आहेत. आलेखात कोणता शिरोबिंदू कोणाशी जोडलेला आहे एवढ्यालाच महत्त्व असते. आकृती कशी काढली, कडा सरळ आहेत की वक्र, यास नसते. म्हणून आलेखाची सममिती ठरविताना अंतर व कोन विचारात घेत नाहीत. शिरोबिंदूंची आपापसांत अशी अदलाबदल केली की, जोडलेली प्रत्येक जोडी जोडलेल्या जोडीवरच जाते व न जोडलेली जोडी न जोडलेल्या जोडीवर, तर त्या अदलाबदलीस स्वसमरूपता म्हणतात. सर्व शिरोबिंदू जागच्या जागी ठेवणे ही देखील एक स्वसमरूपताच होय. लागोपाठ केलेल्या दोन स्वसमरूपतांचे फलित पुन्हा स्वसमरूपता असते आणि प्रत्येक स्वसमरूपता उलटविता येते. त्यामुळे या सर्वांचा मिळून गणितीय अर्थाने एक गट होतो.

उदाहरणार्थ, १, २, ३, ४, ५ हे शिरोबिंदू क्रमाने जोडून व शेवटी ५ हा १ ला जोडून होणारा चक्र-आलेख घेऊ. पाच शिरोबिंदूंची अदलाबदल एकूण १२० प्रकारे करता येते, परंतु त्यांपैकी बहुतेकांनी कडा मोडतात. केवळ १ व २ यांची अदलाबदल केली, तर २-३ ही कड १-३ या जोडीवर जाते आणि ती जोडी जोडलेली नाही. म्हणून ही स्वसमरूपता नव्हे. सर्व १२० प्रकार तपासत न बसता मोजणी पुढीलप्रमाणे करता येते. चक्र फिरवून १ हा पाचांपैकी कोणत्याही स्थानी नेता येतो. आता १ जागीच ठेवला, तर त्याचे शेजारी २ व ५ एकमेकांच्याच जागी जाऊ शकतात, म्हणून २ साठी दोनच पर्याय उरतात. २ चे स्थान ठरले की ५ चे ठरते, आणि पुढे ३ व ४ यांची स्थानेही आपोआप निश्चित होतात. म्हणून १ स्थिर ठेवणाऱ्या स्वसमरूपता दोनच आहेत. १ ला दुसऱ्या एखाद्या स्थानी नेणाऱ्या स्वसमरूपताही तितक्याच असतात. कारण १ स्थिर ठेवणारी प्रत्येक स्वसमरूपता आधी करून मग ठराविक फिरवणी केली की त्या सर्व मिळतात. म्हणून एकूण संख्या ५ × २ = १० येते : पाच फिरवण्या (जागीच ठेवणे धरून) व पाच उलटापालटी. याच रीतीने n शिरोबिंदूंच्या चक्राच्या (n किमान ३) स्वसमरूपता 2n होतात.

ज्यात प्रत्येक शिरोबिंदू इतर सर्वांशी जोडलेला असतो, त्या पूर्ण आलेखात कोणतीही अदलाबदल कड मोडू शकत नाही. पहिल्या शिरोबिंदूस n स्थाने, दुसऱ्यास n − 1 याप्रमाणे मोजत गेल्यास n! ही संख्या मिळते. पाच शिरोबिंदूंसाठी ती १२० आहे. त्रिकोण हा चक्रही आहे व पूर्ण आलेखही. त्याच्यासाठी 2n व n! या दोहोंचेही मूल्य ६ येते. चार शिरोबिंदूंपासून मात्र ८ व २४ असा फरक पडू लागतो.

ज्या आलेखात कोणताही शिरोबिंदू स्वसमरूपतेने इतर कोणत्याही शिरोबिंदूच्या जागी नेता येतो, त्यास शिरोबिंदु-संक्रामक म्हणतात. चक्र व पूर्ण आलेख दोन्ही असे आहेत. पाच शिरोबिंदूंच्या चक्रातील ५-१ ही एक कड काढून टाकली, तर हा गुण नाहीसा होतो : टोकाचा १ मधल्या ३ च्या जागी जाऊ शकत नाही, कारण १ ला एक व ३ ला दोन शेजारी आहेत. येथे साखळी उलटविणे व जागीच ठेवणे या दोनच स्वसमरूपता उरतात.

तथापि, सर्व शिरोबिंदूंना सारखेच शेजारी असणे ही शिरोबिंदु-संक्रामकतेसाठी आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. एक त्रिकोण व एक चौकोन शेजारी ठेवून त्या दोहोंचा मिळून एकच आलेख मानला, तर सातही शिरोबिंदूंना दोन-दोन शेजारी असतात. परंतु त्रिकोणातील शिरोबिंदूचे शेजारी परस्परांशी जोडलेले आहेत, चौकोनातील शिरोबिंदूचे नाहीत. त्यामुळे एका भागातील शिरोबिंदू दुसऱ्यात जाऊ शकत नाही. या आलेखाच्या स्वसमरूपता ६ × ८ = ४८ आहेत. याहून टोकाचे उदाहरण रोबेर्ट फ्रुख्ट यांनी १९३९ मध्ये दिले. त्यांच्या १२ शिरोबिंदूंच्या आलेखात प्रत्येकास तीन शेजारी आहेत. तरीही सर्व शिरोबिंदू जागच्या जागी ठेवण्याखेरीज त्यास दुसरी स्वसमरूपता नाही.