‘पाटील’चे ‘पाटला’ होताना

‘पाटील’ला ‘ला’ प्रत्यय लागला की ‘पाटलाला’ होते. ‘वकील’चे मात्र ‘वकिलाला’ होते, ‘वकलाला’ नव्हे. आणि ‘शरीर’चे ‘शरीराला’च राहते, तिथे दीर्घ ‘री’ला धक्काही लागत नाही. मराठी बोलणारा हे तीन प्रकार विचार न करता वापरतो. संगणकाला ते शिकवायचे तर प्रत्येक शब्दाची सगळी रूपे पाठ करून देता येतील, पण एका नामाचीच विभक्ती, वचन आणि शब्दयोगी अव्यये धरून शेकडो रूपे होतात. दुसरा मार्ग म्हणजे प्रकृती, प्रत्यय आणि ध्वनिबदलाचे नियम वेगवेगळे लिहायचे आणि यंत्राकडून ते एकात एक गुंफून घ्यायचे. परिमित-अवस्था रूपविचार म्हणतात तो हाच मार्ग.

परिमित-अवस्था यंत्राची कल्पना साधी आहे. ठरावीक संख्येच्या अवस्था असतात आणि एक अक्षरचिन्ह वाचले की यंत्र एका अवस्थेतून दुसरीत जाते. आपण कोणत्या अवस्थेत आहोत, एवढीच त्याची स्मृती. ट्रान्सड्यूसर हा त्याचाच एक प्रकार: तो प्रत्येक पावलाला एक चिन्ह वाचतो आणि एक लिहितो, किंवा काहीच लिहीत नाही. त्यामुळे तो दोन शब्दांमधले नाते सांगतो. वरच्या बाजूला ‘पाटील+नाम+एकवचन+चतुर्थी’ असे विश्लेषण, खालच्या बाजूला ‘पाटलाला’ हे प्रत्यक्ष रूप.

या दोन टोकांमधले अंतर एका उडीत पार करायचे नसते. पहिला ट्रान्सड्यूसर म्हणजे कोश. तो विश्लेषणाच्या खुणा काढून त्यांच्या जागी प्रत्यय ठेवतो आणि जोडाच्या जागी एक चिन्ह सोडतो: ‘पाटील^ाला’. या मधल्या रूपाला कुणी बोलत नाही की लिहीत नाही, पण नियमांना पकडायला जागा त्यातच मिळते. देवनागरीत इथे एक सोय होते. संगणकात ‘टी’ हे एक अक्षर नसून ‘ट’ आणि दीर्घ वेलांटी अशी दोन चिन्हे असतात. वेलांटी पुसली की उरलेल्या ‘ट’मध्ये ‘अ’ आपोआप येतो, तो वेगळा लिहावा लागत नाही.

मग दोन नियम लागतात. पहिला लोपाचा: पहिल्या अक्षराला काना किंवा मात्रा असेल आणि दुसऱ्यात दीर्घ ई-ऊ असेल, तर प्रत्ययापूर्वी तो ई-ऊ जातो. पाटील-पाटलाला, कापूस-कापसाला, तारीख-तारखेला, बेडूक-बेडकाला. दुसरा ऱ्हस्वाचा: प्रत्ययापूर्वीच्या उपान्त्य अक्षरात दीर्घ ई-ऊ उरला असेल तर तो ऱ्हस्व होतो. फूल-फुलाला, वकील-वकिलाला, विहीर-विहिरीला. फोमा या मुक्त प्रणालीत हे असे लिहिता येते (व्यंजनांची यादी इथे तोकडी ठेवली आहे):

```
define C [क|ग|ट|त|प|फ|र|ल|व|श|स] ;
define Lop ["ू"|"ी"] -> 0 || C ["ा"|"े"] C _ C "^" ;
define Hrasva "ू" -> "ु" , "ी" -> "ि" || _ C "^" ;
define Pusun ["^"|"="] -> 0 ;
regex Lexicon .o. Lop .o. Hrasva .o. Pusun ;
```

शेवटच्या ओळीतले `.o.` म्हणजे संयोजन. एका यंत्राने लिहिलेले दुसऱ्याने वाचायचे, हा त्याचा अर्थ; पण प्रत्यक्षात शब्द एका यंत्राकडून दुसऱ्याकडे फिरत नाही. संयोजन करताना दोन्ही यंत्रांच्या अवस्थांच्या जोड्या केल्या जातात. पहिल्याचे लेखन आणि दुसऱ्याचे वाचन जुळले की जोडी पुढच्या जोडीकडे सरकते, आणि मधले चिन्ह गळून पडते. पाच अवस्थांचे यंत्र चार अवस्थांच्या यंत्राशी जोडले तर फार तर वीस जोड्या होतात. शेवटी एकच ट्रान्सड्यूसर उरतो. त्यात ‘पाटील^ाला’ कुठेच नसते.

लोपाच्या यंत्रापुढची खरी अडचण ‘ी’ वाचताना येते. पुढे जोडाचे चिन्ह येणार की नुसते ‘पाटील’ म्हणून शब्द संपणार, हे त्याला त्या क्षणी माहीत नसते. म्हणून ते दोन वाटा एकाच वेळी धरते: एकीवर वेलांटी पुसलेली, दुसरीवर ठेवलेली. ‘ल’नंतर `^` दिसला की ठेवलेली वाट बंद पडते, शब्द तिथेच संपला तर पुसलेली. दोन वाटा म्हणजे दोन अवस्था. कागदावरचा नियम यंत्रात उतरतो तो असा.

नियमांचा क्रम बदलला तर काय होते, ते ‘कापूस’वरून दिसते. ऱ्हस्वाचा नियम आधी लावला की ‘कापूस^ाला’चे ‘कापुस^ाला’ होते. मग लोपाच्या नियमाला दीर्घ ‘ू’ सापडत नाही आणि ‘कापुसाला’ असे चुकीचे रूप बाहेर पडते. विशेष नियम आधी आणि सर्वसाधारण नियम नंतर, ही काळजी लिहिणाऱ्यानेच घ्यायची असते. संयोजनाने क्रम सुधारत नाही, तो फक्त पक्का होतो.

तत्सम शब्दांचा पेच क्रमानेही सुटत नाही. ‘गीत’ आणि ‘फूल’ यांची घडण सारखीच आहे, तरी ‘गीताला’ दीर्घ राहते. नियम जसाच्या तसा चालवला तर ‘गिताला’ आणि ‘शरिराला’ मिळते. शब्द संस्कृतातून तसाच आला आहे, ही माहिती अक्षरांत नसते, ती कोशातच द्यावी लागते. वरच्या मांडणीत त्यासाठी जोडाचे वेगळे चिन्ह आहे: ‘गीत=ाला’. नियम `^` शोधतात, `=` दिसल्यावर गप्प राहतात, आणि शेवटी दोन्ही चिन्हे पुसली जातात.

अशा चुका पकडायच्या तर यंत्र दोन्ही दिशांनी चालवून पाहावे लागते. खाली चालवले की रूप तयार होते, वर चालवले की रूपाची फोड मिळते. ‘फूलाला’ वर चालवून काहीही उत्तर येता कामा नये. आले तर एखाद्या नियमाचा संदर्भ अपुरा आहे. ‘मुलाला’ला मात्र दोन उत्तरे मिळायलाच हवीत, एक ‘मूल’चे आणि एक ‘मुलगा’चे. ‘मुलगा’चे ‘मुला’ कोणत्याही ध्वनिनियमातून येत नाही, ते कोशात स्वतंत्र नोंदवावे लागते. दोहोंपैकी कोणता अर्थ, हे वाक्य ठरवते. ते या यंत्राचे काम नव्हे.

ध्वनिनियमांची अशी साखळी परिमित-अवस्था यंत्रात मावते हे सी. डग्लस जॉन्सन यांनी 1972 साली दाखवले होते. अट एवढीच की नियमाने स्वतःच्याच उत्तरावर पुन्हा पुन्हा काम करू नये. त्यांच्या निष्कर्षाकडे फारसे कुणी पाहिले नाही. रोनाल्ड कॅप्लन आणि मार्टिन के यांना तोच निष्कर्ष स्वतंत्रपणे गवसला. 1981 साली त्यांनी तो परिषदेत मांडला आणि सविस्तर लेख 1994 साली आला. मधल्या काळात, 1983 साली, फिनलंडच्या किम्मो कोस्केनिएमी यांनी फिनिश भाषेसाठी दुसरी वाट काढली. त्यांनी नियम एकामागून एक न लावता वरच्या-खालच्या अक्षरांच्या जोड्यांवर एकाच वेळी लावले. मधली रूपे मुळात उरलीच नाहीत आणि क्रमाचा प्रश्न बाजूला पडला. त्याच्या बदल्यात नियमांचे एकमेकांशी होणारे तंटे लिहिणाऱ्याला सोडवावे लागले.

या यंत्रांची खरी सीमा दिसते ती द्विरुक्तीत. ‘पाणीबिणी’, ‘पुस्तकबिस्तक’ अशा शब्दांत पहिला भाग जवळपास तसाच पुन्हा येतो. तो पुन्हा म्हणायचा तर आधी वाचलेले सगळे लक्षात ठेवावे लागते, आणि यंत्राकडे अवस्थेखेरीज स्मृती नसते. कोशातले शब्द मोजके असतील तर प्रत्येकासाठी स्वतंत्र वाट आखता येते, फक्त यंत्र फुगते. कोशात नसलेल्या, कितीही लांबीच्या शब्दाची नक्कल मात्र जमत नाही. मलय भाषेतल्या पूर्ण द्विरुक्तीसाठी केनेथ बीस्ली आणि लॉरी कार्टुनेन यांनी 2000 साली एक तोडगा मांडला: कोशाच्या यंत्रात ‘हा शब्द दोनदा’ अशी सूचनाच मजकूर म्हणून लिहायची आणि यंत्र बांधताना ती सूचना उलगडून त्या जागी तिचे उत्तर बसवायचे. नक्कल यंत्र चालताना नव्हे, तर बांधतानाच होते, आणि म्हणून तीही कोशातल्या शब्दांपुरतीच चालते.