पत्त्यांच्या ढिगांत लपलेली चढती ओळ

कॅम्पस प्लेसमेंटच्या ऑनलाइन परीक्षेत पडद्यावर एक साधा दिसणारा प्रश्न येतो. आकड्यांची एक रांग दिलेली असते. त्यातले हवे ते आकडे गाळायचे, पण उरलेल्यांचा क्रम हलवायचा नाही. उरलेली ओळ डावीकडून उजवीकडे चढतीच हवी. अशी जास्तीत जास्त किती आकड्यांची ओळ निघेल? या प्रश्नाचं रूढ नाव ‘लाँगेस्ट इन्क्रीझिंग सबसिक्वेन्स’ आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘एलआयएस’.

५, २, ८, ६, ३, ६, ९, १ ही रांग घ्या. यातून ५, ८, ९ अशी तीन आकड्यांची ओळ लगेच दिसते. २, ३, ६, ९ ही चार आकड्यांची ओळ शोधायला थोडं थांबावं लागतं. पाच आकड्यांची ओळ यात नाहीच. पण ती नाही हे इतक्या खात्रीने कशावरून सांगायचं?

बहुतेक विद्यार्थ्यांना वर्गात शिकवलेली रीत आठवते. प्रत्येक आकड्यापाशी थांबायचं, मागचे सगळे आकडे पाहायचे आणि त्यांतल्या लहान आकड्यांवर संपणाऱ्या सर्वांत लांब ओळीत एकाची भर घालायची. उत्तर अचूक येतं, पण वेळ फार लागतो. रांगेत १ लाख आकडे असतील तर या रीतीने जवळजवळ ५०० कोटी तुलना होतात. परीक्षेतला प्रोग्राम बहुधा एक-दोन सेकंदांत संपावा लागतो, त्यामुळे उत्तर बरोबर असूनही वेळमर्यादा ओलांडल्याचा शेरा येतो. म्हणून प्रश्नाखाली दिलेली आकड्यांची कमाल संख्या आधी वाचावी. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर हाच प्रश्न ३०० क्रमांकाचा आहे आणि तिथे ही मर्यादा अवघी २,५०० आहे. तेवढ्यासाठी संथ रीतही चालून जाते. तिथे यशस्वी झालेला विद्यार्थी १ लाखाची मर्यादा असलेल्या परीक्षेत अडकतो तो याच कारणाने.

वेगवान रीत समजून घ्यायला पत्त्यांचा आधार उत्तम. तिचं नातं ‘पेशन्स’ या एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या खेळाशी आहे आणि इंग्रजीत तिला ‘पेशन्स सॉर्टिंग’ म्हणतात. नियम एकच. पत्ता हातात आला की डावीकडून पाहत जायचं आणि ज्या पहिल्या ढिगाचा वरचा पत्ता हातातल्याइतका किंवा त्याहून मोठा असेल, त्यावर तो ठेवायचा. असा ढीग नसेल तर उजव्या टोकाला नवा ढीग सुरू करायचा.

आपली रांग अशी मांडून पाहू. ५चा पहिला ढीग झाला. २ त्याच्यावर बसला. ८ हा २पेक्षा मोठा, म्हणून दुसरा ढीग. ६ आला तो ८वर गेला आणि ३ त्या ६वर. पुढचा ६ आला तेव्हा वर २ आणि ३ दिसत होते, दोन्ही लहान, म्हणून तिसरा ढीग. ९साठी चौथा. शेवटचा १ पहिल्या ढिगावर, २च्या डोक्यावर बसला. ढीग चार झाले, आणि उत्तरही चारच.

हा योगायोग नाही. एकाच ढिगात खालून वर जाताना आकडे कधीच वाढत नाहीत. त्यामुळे चढत्या ओळीत एका ढिगातला फार तर एकच पत्ता येऊ शकतो. ढीग चार, म्हणजे पाच आकड्यांची ओळ अशक्य. आता उलट बाजू पाहू. कोणताही पत्ता ठेवताना त्याच्या डावीकडच्या ढिगावर वर दिसणारा पत्ता त्याहून लहान असतो आणि रांगेत आधी आलेला असतो. ९ ठेवताना डावीकडे ६ होता, तो ६ ठेवताना डावीकडे ३ आणि ३ ठेवताना २. असं मागे मागे गेलं की २, ३, ६, ९ ही ओळ हाती लागते. जितके ढीग तितकी लांबी, ना कमी ना जास्त. एवढा नेटका पुरावा इतक्या साध्या खेळात सापडतो, ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

मग वेळ वाचतो कुठे? ढिगांवरचे पत्ते डावीकडून उजवीकडे नेहमी चढत्या क्रमात राहतात. नवा पत्ता त्याच्याइतक्या किंवा त्याहून मोठ्या अशा पहिल्या पत्त्यावर बसत असल्याने हा क्रम मोडत नाही. चढत्या यादीत जागा शोधायला सगळी यादी चाळावी लागत नाही. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो, अलीकडे की पलीकडे ते ठरवतो आणि उरलेल्या भागाचं पुन्हा मधलं पान उघडतो, तसंच इथे करायचं. यालाच ‘बायनरी सर्च’ म्हणतात. १ लाख ढीग झाले तरी १७ पायऱ्यांत जागा सापडते. एकूण काम १७ लाख पायऱ्यांच्या आसपास येतं, ५०० कोटींच्या जागी! हाच तो ‘एन लॉग एन’.

पायथनमध्ये ढीग पूर्ण साठवण्याची गरजही नसते, वरचे पत्ते लक्षात ठेवले की पुरे:

```python
from bisect import bisect_left

def lis(nums):
    tops = []
    for x in nums:
        i = bisect_left(tops, x)
        if i == len(tops):
            tops.append(x)
        else:
            tops[i] = x
    return len(tops)
```

इथे एक चूक वारंवार होते. शेवटी `tops` यादीत १, ३, ६, ९ उरतात आणि तीच चढती ओळ म्हणून छापली जाते. पण १ तर रांगेत सर्वांत शेवटी आला होता, त्याच्यानंतर ३ येणं शक्यच नाही. यादीची लांबी खरी असते, यादी स्वतः उत्तर असेलच असं नाही. ही चूक लपून राहते, कारण तो शेवटचा १ काढून टाकला तर `tops` मध्ये २, ३, ६, ९ हेच खरं उत्तर दिसतं. नमुन्याची चाचणी पार होते आणि लपवलेल्या चाचणीत प्रोग्राम पडतो. प्रत्यक्ष ओळ मागितली असेल तर प्रत्येक आकडा ठेवताना डावीकडच्या ढिगावर कोण होतं, त्याचा रांगेतला क्रमांक टिपून ठेवावा आणि शेवटी मागे चालत यावं.

दुसरी चूक सारख्या आकड्यांची. ६, ६, ६ या रांगेचं उत्तर किती? ओळ काटेकोर चढती हवी असेल तर १, आणि समान आकडे चालत असतील तर ३. दुसऱ्या अर्थासाठी `bisect_left` च्या जागी `bisect_right` वापरावं लागतं, म्हणजे समान आकड्यावर न बसता पत्ता पुढच्या ढिगाकडे जातो. सबमिट करण्याआधी ही तीन आकड्यांची रांग एकदा घालून पाहिली की कोणता अर्थ लिहिला गेला आहे ते कळतं.

याहून वेगवान रीत आहे का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. १९६१ साली क्रेग शेन्स्टेड यांनी चढत्या-उतरत्या ओळींवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९७५ साली मायकेल फ्रेडमन यांनी दाखवून दिलं, की केवळ आकड्यांची तुलना करून उत्तर काढायचं असेल तर ‘एन लॉग एन’ या पातळीच्या खाली जाता येत नाही.

घरात पत्त्यांचा जोड असेल तर ५२ पानं नीट पिसून, रंगांचाही क्रम ठरवून हे ढीग एकदा मांडून पाहा. सरासरी साडेअकराच्या आसपास ढीग होतात.