रॉकेटच्या थ्रस्टमधली ती (p_e − p_a)A_e नेमकी येते कुठून?

रॉकेट थ्रस्टचं समीकरण बहुतेकांना पाठ असतं:

F = ṁ·u_e + (p_e − p_a)·A_e

पहिली टर्म पटते. इतके किलो वायू दर सेकंदाला इतक्या वेगाने मागे फेकला, तेवढा धक्का पुढे. दुसऱ्या टर्मपाशी मात्र गाडी अडते. नॉझलच्या तोंडाशी धातूच नाही, मग तिथला दाब ढकलतो कोणाला?

इंजिन टेस्ट स्टँडवर आडवं बांधलंय अशी कल्पना करा. त्याच्याभोवती कंट्रोल व्हॉल्यूमची एक बंद पिशवी काढा: इंजिनच्या बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटून जाणारी, स्टँडचा दांडा एका ठिकाणी कापणारी आणि नॉझलच्या तोंडावरून सरळ जाणारी. इंधनाच्या पाइपांमधून आत येणारा संवेग फार छोटा असतो, तो सोडून देऊ. वायू जातो ती दिशा धन धरू.

आता पिशवीवरची बलं मोजा. स्टँड इंजिनाला R बलाने मागे धरून ठेवतो, आणि हा R म्हणजेच आपला थ्रस्ट. बाकी उरतो दाब. तोंड सोडून सगळीकडे p_a आहे, तोंडावर p_e. बंद पृष्ठभागावर सगळीकडे सारखाच दाब असेल तर निव्वळ बल शून्य, म्हणून सगळीकडून p_a वजा करून टाका. मग उरतो फक्त तोंडावरचा फरक, तोही पिशवीला आत, म्हणजे ऋण दिशेला ढकलणारा. स्थिर प्रवाहात बलांची बेरीज म्हणजे बाहेर जाणारा संवेग:

R − (p_e − p_a)·A_e = ṁ·u_e

झालं समीकरण. म्हणजे ही टर्म काही वेगळा 'धक्का' नाही. खरा धक्का चेंबरच्या आणि नॉझलच्या भिंतींवरच बसतो. आपण भिंतींवर दाबाची बेरीज करत बसण्याऐवजी तोंडाशी हिशेब केला, एवढंच.

आता एक खरं इंजिन घेऊ. स्पेस शटलचं आरएस-२५, १०९ टक्के पॉवरवर. समुद्रसपाटीला थ्रस्ट सुमारे १८६० किलोन्यूटन, निर्वातात सुमारे २२७९. फरक ४१९. नॉझलच्या तोंडाचा आतला व्यास साधारण २.३ मीटर, म्हणजे A_e साधारण ४.१६ चौरस मीटर. याला १०१.३ किलोपास्कलने गुणा: सुमारे ४२१ किलोन्यूटन. p_e किती ते आपल्याला माहीतही नव्हतं, तरी फरक जुळला! कारण नॉझलमधला प्रवाह स्वनातीत असतो. बाहेरच्या दाबाची 'बातमी' ध्वनीच्या वेगाने जाते, ती प्रवाहाविरुद्ध आत चढू शकत नाही. त्यामुळे ṁ, u_e आणि p_e तिन्ही जसेच्या तसे राहतात, आणि थ्रस्ट p_a बरोबर सरळ रेषेत बदलतो.

इथेच एक गोंधळ होतो. 'p_e = p_a असताना थ्रस्ट सर्वांत जास्त' असं पुस्तकात असतं, आणि वर तर p_a कमी करत गेलो तसा थ्रस्ट वाढतच गेला. दोन्ही बरोबर आहे, प्रश्न वेगवेगळे आहेत. पुस्तकातला प्रश्न असा: चेंबर तेच, बाहेरचा दाब तोच, नॉझल किती लांब ठेवू? नॉझलच्या टोकाला आणखी एक पातळ कडं जोडा. कड्याच्या आत p_e, बाहेर p_a. आतला दाब जास्त असेल तर पसरट कडं इंजिनाला पुढे ढकलेल, कमी असेल तर मागे ओढेल. दोन्ही समान झाले की थांबा. (व्हायव्हात हा कड्याचा युक्तिवाद डिफरन्शिएशनपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत.)

म्हणजे समुद्रसपाटीला आरएस-२५ चं नॉझल गरजेपेक्षा लांब आहे. p_e समजा १५ किलोपास्कल धरला, तर जमिनीवर दाबाची टर्म जवळपास उणे ३६० किलोन्यूटन येते. हे नुकसान मुद्दाम सोसलेलं आहे, कारण हे इंजिन उड्डाणाचा बहुतेक वेळ विरळ हवेत आणि निर्वातात चालतं.

मग आणखी लांब का नाही? p_e फारच खाली गेला, ढोबळ मानाने p_a च्या ०.४ पटीखाली, की प्रवाह भिंत सोडू लागतो आणि बाहेरची हवा कडेने आत शिरते. आरएस-२५ मध्ये भिंतीचा आकार असा ठेवलाय की काठाजवळचा दाब मधल्या प्रवाहापेक्षा जास्त राहतो, म्हणून सरासरी p_e इतका कमी असूनही पूर्ण पॉवरवर प्रवाह चिकटून राहतो. प्रवाह सुटला की वरचं समीकरण पूर्ण A_e घेऊन वापरता येत नाही. गंमत म्हणजे मोजलेला थ्रस्ट तेव्हा समीकरणापेक्षा जास्त भरतो, कारण मागे ओढणाऱ्या भागावर आता जवळपास p_a असतो. थ्रस्ट विरुद्ध p_a आलेखात सरळ रेषा वाकलेली दिसली की हाच संशय घ्या. पण सुटणं सगळीकडून सारखं होत नाही. इंजिन सुरू होताना चेंबरचा दाब अजून चढत असतो, तेव्हा नॉझलला आडवे हिसके बसतात, आणि भिंत, गिंबल नि त्याचे अॅक्च्युएटर त्या हिसक्यांसाठी मजबूत करावे लागतात.