सेल स्थिरांक आणि पाच अंशांची गल्लत

विहिरीच्या पाण्यात क्षार किती आहेत याचा अंदाज कंडक्टिव्हिटी मीटर क्षणात देतो. पण त्याला मुळात एवढंच कळतं, की प्रोबमधल्या दोन इलेक्ट्रोडांमधून वीज किती सहज गेली. इलेक्ट्रोड मोठे आणि जवळजवळ असतील, तर त्याच पाण्यातून जास्त वीज जाते. म्हणून मिळालेल्या आकड्याला त्या प्रोबच्या सेल स्थिरांकाने गुणावं लागतं. इलेक्ट्रोडांमधलं अंतर भागिले त्यांचं क्षेत्रफळ, म्हणजे हा स्थिरांक. तो पट्टीने मोजून मिळत नाही, कारण वीज इलेक्ट्रोडांच्या कडांबाहेरूनही वळसा घेऊन जाते.

यावर उपाय म्हणजे ज्याची वाहकता आधीच अचूक ठाऊक आहे, असं द्रावण. १०५ अंश सेल्सिअसला दोन तास वाळवलेलं ०.७४५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड शुद्ध पाण्यात विरघळवून एक लिटर केलं, की ०.०१ मोलर द्रावण तयार होतं. २५ अंशांना त्याची वाहकता दर सेंटिमीटरला १४१३ मायक्रोसिमेन्स असते. ३० अंशांना मात्र १५५२.

हाच फरक घात करतो.

समजा, प्रयोगशाळेत ३० अंश तापमान आहे आणि मीटरची तापमान भरपाई बंद आहे. प्रोब त्याच द्रावणाने दोनदा खंगाळला, बुडबुडे झटकले, तापमान स्थिरावू दिलं आणि मीटरने १५१० मायक्रोसिमेन्स दाखवले. १५५२ भागिले १५१०, म्हणजे स्थिरांक १.०२८. आता ३० अंशांच्याच विहिरीच्या पाण्याला ८२० आले, तर वाहकता ८४३. दर अंशाला दोन टक्के धरून ती २५ अंशांवर आणली, की ७६६.

पण बाटलीवरचा १४१३ हाच आकडा वापरला, तर स्थिरांक ०.९३६ निघतो आणि उत्तर येतं ६९८. तापमानाची वजावट स्थिरांकात एकदा झालीच होती, ती पुन्हा झाली. भरपाई सुरू असेल तेव्हा १४१३ शी तुलना करायची, बंद असेल तेव्हा त्या तापमानाच्या आकड्याशी.

भरपाई म्हणजे तरी काय? मीटर पाणी थंड करत नाही, फक्त हिशेब करतो. पोटॅशियम क्लोराइडची वाहकता अंशामागे सुमारे १.९ टक्के वाढते, तर अतिशुद्ध पाण्याची पाच टक्क्यांहून जास्त. त्यामुळे तिथे दोन टक्क्यांचा नियम चालत नाही.

स्थिरांकाची परीक्षा दुसऱ्या द्रावणाने होते. ०.१ मोलर द्रावणाची वाहकता २५ अंशांना १२.८८ मिलिसिमेन्स असते. दोन्ही द्रावणांवरून स्थिरांक जवळपास सारखाच यायला हवा. दाट द्रावणावरून तो ठळकपणे मोठा आला, तर इलेक्ट्रोडांच्या पृष्ठभागावर विद्युतभार साचून विजेला अडथळा होतो आहे. बहुधा प्लॅटिनमवरचा काळा थर झिजलेला किंवा मळलेला असतो. असा प्रोब आधी साफ करायचा आणि तरीही फरक उरला, तर त्यावर तो थर नव्याने चढवून घ्यायचा.